तीस सेकंदांची ऑफर सहा सेकंदांत कशी पोचवायची?

पत्र

मी नाशिकच्या एका छोट्या जाहिरात एजन्सीत कॉपी लिहिते. शहरात पाच दुकानं असलेल्या एका घरगुती उपकरणांच्या विक्रेत्यासाठी दिवाळीची ३० सेकंदांची जाहिरात लिहिली, ती त्यांना आवडली. स्वयंपाकघरात मिक्सर खडखडतोय. आजी टीव्हीचा आवाज वाढवते, नवरा फोनवर ओरडतो, मुलगा कानात बोटं घालतो. मग मिक्सर बंद पडतो आणि आजी म्हणते, ‘संपलं का चटणीचं युद्ध?’ त्यावर निवेदन असं: ‘जुना मिक्सर खडखडतोय? बंद पडलाय? कसाही असू दे, घेऊन या आमच्या दुकानात. या दिवाळीला जुना मिक्सर द्या आणि कोणत्याही नामांकित कंपनीच्या चार हजार रुपयांच्या पुढच्या नव्या मिक्सरवर मिळवा आठशे रुपयांची घसघशीत सूट! सोबत दोन वर्षांची वॉरंटी आणि घरपोच सेवा. ऑफर फक्त लक्ष्मीपूजनापर्यंत. आजच भेट द्या…’ आणि दुकानाचं नाव.

आता त्यांना याचीच १५ आणि ६ सेकंदांची आवृत्ती हवी आहे. विशेषणं काढली, वाक्यं आवळली, तरी १५ सेकंदांत आवाज देणाऱ्याला धाप लागते. ६ सेकंदांसाठी ‘जुना मिक्सर द्या, आठशे रुपये घ्या!’ एवढं ठेवलं, तर मालक म्हणतात, ‘यात निम्मी ऑफर गेली.’ शूटिंग पुढच्या आठवड्यात आहे. नेमकं कुठे कापू?

— एक कॉपीरायटर

उत्तर

नमस्कार. शूटिंग अजून व्हायचं आहे हे वाचून मला हायसं वाटलं. ते उरकल्यावर पत्र आलं असतं, तर यातल्या अर्ध्या गोष्टी सांगून उपयोग नव्हता.

‘कुठे कापू’ या प्रश्नात एक गृहीत दडलेलं आहे, आधी त्याच्याशी थोडं थांबू या. तुम्ही ३० सेकंदांची संहिता हा कापडाचा ठाण मानला आहे आणि त्यातून दोन लहान तुकडे बेतायला बसला आहात. पण त्या संहितेत दोन वेगळ्या गोष्टी शिवलेल्या आहेत: एक घरातली गोष्ट आणि एक दुकानाची ऑफर. गोष्टीला वेळ लागतो, कारण आवाज वाढत गेल्याशिवाय नंतरची शांतता जाणवत नाही. ऑफरला तेवढा वेळ लागत नाही. म्हणून उलट्या बाजूने लिहा. आधी ६ सेकंदांची जाहिरात फक्त ऑफरमधून लिहा, मग तिच्यात एक माणूस घालून १५ ची करा आणि शेवटी तुमच्या ३० कडे परत या. ३० चं निवेदनही थोडं हलकं होईल, ते तेव्हा बघू.

ऑफर म्हणजे नेमकं काय, हे मालकांकडून काढून घ्यायला मी एकच प्रश्न विचारते. जाहिरात बघून आलेला माणूस काउंटरवर पहिलं वाक्य काय बोलला, म्हणजे जाहिरात चालली म्हणायची? तुमच्या बाबतीत ते वाक्य मला अगदी स्पष्ट ऐकू येतं: ‘बंद पडलेला मिक्सर खरंच घेता का?’ आठशे रुपयांची सूट दिवाळीत पुष्कळ दुकानं देतात. बंद पडलेला, माळ्यावर टाकलेला मिक्सर चालेल, ही मात्र ऐकणाऱ्याला न सुचणारी गोष्ट आहे. बदल्यात चालू वस्तूच द्यावी लागते असं बहुतेक घरांत धरून चालतात. तुमच्या निवेदनात ही बातमी ‘कसाही असू दे’ या तीन शब्दांत दबून गेली आहे.

उलट, वॉरंटी या ऑफरचा भागच नाही. ती मिक्सर बनवणारी कंपनी देते, शेजारच्या दुकानातही तीच मिळते. घरपोच सेवा चांगली आहे, पण जुना मिक्सर घेऊन माणसाला दुकानात यायचंच आहे, तो नवा त्याच पिशवीतून नेईल. या दोन गोष्टी तिन्ही आवृत्त्यांतून काढा. मालकांना ते सहज पटेल, कारण त्यांनाही त्या ‘असू द्यात’ म्हणूनच हव्या असतात.

आता उरलं ते असं: काय न्यायचं, काय मिळेल, कशावर मिळेल, कधीपर्यंत आणि कुठे. या पाच गोष्टी एकाच वाटेने, म्हणजे आवाजातून पाठवायचा प्रयत्न केलात म्हणून धाप लागली. तुमच्याकडे आणखी दोन वाटा आहेत: चित्र आणि पडद्यावरची अक्षरं. मिक्सर बंद पडला हे चित्र सांगेल. आठशे रुपये सूट हे आवाजही सांगेल आणि अक्षरंही, कारण फोनवर अनेक जण आवाज बंद ठेवून बघतात आणि टीव्हीकडे पाठ करून ऐकणारेही असतात. अट आणि मुदत अक्षरांत जाईल. दुकानाचं नाव शेवटी बोला, पण त्याच्या कितीतरी आधी ते पिशवीवर दिसू द्या. एक पथ्य मात्र पाळा: आवाज आठशे म्हणत असताना पडद्यावर मोठ्या अक्षरांत चार हजार येता कामा नयेत. कान एक आकडा घेतो, डोळा दुसरा, आणि माणूस दोन्ही विसरतो.

तुमची ‘जुना मिक्सर द्या, आठशे रुपये घ्या’ ही ओळ तालात आहे, जिभेवर बसते. तरी ती वापरू नका. निम्मी ऑफर गेली हे मालकांचं म्हणणं खरं आहे, पण खरी अडचण त्याहून मोठी आहे. उरलेली निम्मी खोटी झाली आहे. ‘घ्या’ म्हटलं की ऐकणाऱ्याला रोख रक्कम ऐकू येते. हे मी स्वतः केलेल्या चुकीतून सांगते. काही वर्षांपूर्वी एका गादीविक्रेत्यासाठी मी अशीच ‘जुनी द्या, दोन हजार घ्या’ ओळ लिहिली होती. पहिल्याच रविवारी लोक टेम्पोत गाद्या घालून आले आणि पैसे मागू लागले. काउंटरवरच्या मुलांनी दिवसभर बोलणी खाल्ली, आणि ती माझ्या ओळीमुळे खाल्ली. वाक्य लहान करताना ‘सूट’ आणि ‘नव्यावर’ हे दोन शब्द बिनमहत्त्वाचे वाटतात, कारण ते जोरकस नाहीत. पण ऑफर खरी ठेवण्याचं काम तेच दोन करतात.

असं वाक्य खाली बारीक अक्षरांत अट लिहूनही सावरता येत नाही. जाहिरातींची स्वयंनियामक संस्था आस्की आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं, दोन्हींचं म्हणणं इथे एकच आहे: तळटीप मुख्य दाव्याला स्पष्ट करू शकते, खोडू शकत नाही. शिवाय ती दाव्याच्याच भाषेत हवी, म्हणजे मराठी जाहिरातीखाली इंग्रजी अटींची पट्टी चालत नाही. दावा आवाजात असेल, तर तळटीप त्या आवाजाबरोबरच दिसली पाहिजे. आस्कीचा आणखी एक नियम तुमच्या ६ सेकंदांना थेट लागू होतो: तळटीपेच्या प्रत्येक ओळीला पडद्यावर ४ सेकंदांहून जास्त वेळ मिळाला पाहिजे. दोन ओळी केल्या तर ८ सेकंद लागतील. तुमच्याकडे आहेतच सहा. म्हणजे एकच ओळ, आणि तीही दुसरा सेकंद संपायच्या आत पडद्यावर यायला हवी.

म्हणून लिहायला बसण्याआधी मालकांना विचारा, चार हजारांची अट काढता येईल का? त्यांच्याकडे चार हजारांखालचे मिक्सर किती विकले जातात, त्यावर आठशे सोडले तर किती तोटा, हे त्यांना तोंडपाठ असेल. तो आकडा लहान असेल, तर अट काढणं हाच सर्वांत चांगला कट आहे. अट राहणार असेल, तर तीही अक्षरांत स्पष्ट दाखवायची आहे असं समजून पुढे चला. मीही तेच धरते.

६ सेकंदांची जाहिरात मी अशी लिहीन:

चित्र: फक्त मिक्सर, अगदी जवळून. खडखड, एक आचका, बंद. (सव्वा सेकंद)
चित्र: तोच मिक्सर दुकानाच्या नावाच्या पिशवीत जातो. पिशवी शेवटपर्यंत चौकटीत राहते.
अक्षरं, सव्वा सेकंदापासून शेवटपर्यंत: ₹८०० सूट, खाली एका ओळीत ‘₹४,००० च्या पुढच्या नव्या मिक्सरवर, लक्ष्मीपूजनापर्यंत’
आवाज: ‘बंद मिक्सरही आणा. नव्यावर आठशे रुपये सूट.’ आणि दुकानाचं नाव.

या ओळीत सगळा भार ‘ही’वर आहे. ‘बंद मिक्सर आणा’ म्हटलं, तर फक्त बंदच घेतात असं वाटेल. ‘जुना मिक्सर कसाही असो’ म्हटलं, तर आणायचा की काय करायचं ते कळत नाही. ‘बंद मिक्सरही’ म्हटलं की चालू तर घेतातच, बंदही घेतात, हे आपोआप कळतं. मराठीने आपल्याला दिलेली ही फार मोठी सोय आहे. आवाज देणाऱ्याला हे समजावून सांगा, नाहीतर तो सवयीने ‘आणा’वर जोर देईल.

तुम्ही कदाचित शब्द मोजून लिहीत असाल. मराठीत त्यात फसगत होते. ‘लक्ष्मीपूजनापर्यंत’ हा एक शब्द, पण म्हणायला ‘बंद मिक्सर आणा’ या तीन शब्दांहून थोडा जास्तच वेळ घेतो. म्हणून मी त्याला ६ मध्ये अक्षरांत टाकलं आहे. त्याऐवजी ‘दिवाळीपर्यंत’ म्हणावंसं वाटेल, पण काहींची दिवाळी पाडव्याला संपते, काहींची भाऊबीजेला. मोजायचंच असेल, तर उभं राहून, आवाज देणाऱ्याच्या गतीने, घड्याळ लावून मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं. शेवटचा अर्धा सेकंद मोकळा ठेवा, कारण यूट्यूबवर जाहिरात संपताच पुढचा व्हिडिओ धाडकन सुरू होतो आणि नावाचं शेवटचं अक्षर त्यात बुडतं.

उभ्या चौकटीसाठी, म्हणजे फोनवर उभ्या दिसणाऱ्या व्हिडिओसाठी, ती खालची ओळ मावणार नाही. ती तुटून दोन ओळी झाल्या की ४ सेकंदांचं गणित मोडतं. तिथे मुदत काढा, अट ठेवा, आणि पिशवीवर ‘दिवाळी ऑफर’ छापून घ्या. मुदत संपली की त्याच रात्री ही आवृत्ती बंद होईल, एवढं जाहिरात लावणाऱ्याकडून लेखी घ्या.

आता १५ सेकंद. इथे गोष्टीला थोडी जागा आहे, पण तुमच्या गोष्टीला नाही. ‘संपलं का चटणीचं युद्ध?’ ही ओळ ३० मध्ये छान आहे, कारण तिच्याआधी सात-आठ सेकंद घरभर कल्लोळ झालेला असतो. तोच कल्लोळ दोन सेकंदांवर आणला, तर युद्ध कुठलं हेच प्रेक्षकाला कळणार नाही. १५ सेकंदांच्या बहुतेक जाहिराती इथेच फसतात. मधलं काढतात, शेवटचा विनोद ठेवतात, आणि तो अधांतरी राहतो. ओळ कितीही लाडकी असली तरी ती ३० मध्येच राहू द्या. १५ साठी आजीला नवी ओळ द्या, जिला आधीच्या उभारणीची गरज नाही:

० ते ३: मिक्सर खडखडतो, आचका देऊन बंद. टीव्हीवरची नजर न हटवता आजी: ‘गेला एकदाचा!’
३ ते ६: सून मिक्सर पिशवीत घालून दाराबाहेर. आवाज: ‘बंद पडलेला मिक्सरही घेऊन या.’
६ ते ११: काउंटर. जुना खाली जातो, त्याच जागी नवा येतो. आवाज: ‘चार हजारांच्या पुढच्या नव्या मिक्सरवर आठशे रुपये सूट.’ अक्षरं ६ मधलीच, त्याच मापात.
११ ते १५: दुकानाची पाटी, सून बाहेर पडताना. आवाज: ‘लक्ष्मीपूजनापर्यंत.’ आणि दुकानाचं नाव. अक्षरं: ‘नाशिकमध्ये ५ दुकानं’.

नवरा आणि मुलगा गेले. एकाच्याच प्रतिक्रियेला वेळ आहे, आणि ती आजीची, कारण तिच्या दोन शब्दांत कंटाळाही आहे आणि सुटकाही. दुकानाचं नाव सोडून निवेदन पंचेचाळीस शब्दांवरून चौदावर आलं, तरी एकही अट सुटली नाही. मध्ये श्वास घ्यायला जागा आहे, म्हणून आठशे हा आकडा ऐकू येईल. ३० मध्ये दुकानाची पाटी पाच सेकंद असेल, तर तीच पाच सेकंदांची पाटी इथे चिकटवू नका. १५ चा तिसरा भाग पाटीत जाईल.

यातून शूटिंगच्या यादीत निदान तीन शॉट वाढतात: मिक्सर बंद पडतो तो जवळून, कोणाचाही चेहरा न येता, मिक्सर पिशवीत जातो, आणि काउंटरवरची अदलाबदल. प्रत्येक शॉट सलग पाच-सहा सेकंद चालू ठेवायला सांगा. ३० च्या शॉटमधून हे निघत नाहीत, कारण तिथे कॅमेरा सतत माणसांवर असतो. अक्षरांसाठी चौकटीत रिकामी जागा सोडायची आहे, हेही कॅमेरा लावतानाच ठरतं.

संगीताचंही तसंच आहे, ते संकलनाच्या टेबलावर कापू नका. संगीतकाराला तिन्ही लांबी आधीच सांगा आणि गती मिनिटाला ८० मात्रांची ठेवायला सुचवा. त्या गतीत ६ सेकंदांत बरोबर ८ मात्रा बसतात, म्हणजे केरव्याचं एक आवर्तन. ३० मध्ये पाच आवर्तनं होतात, १५ मध्ये अडीच. ती अर्धी मोडणार नाही अशी छोटी तिहाई कोणताही ढोलकीवाला बसवून देईल. तिन्ही जाहिराती समेवर संपतील आणि शेवटी आवाज हळूहळू विरत नेण्याची पळवाट लागणार नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही आणि ती मालकांना विचारायला हवी. ६ सेकंदांची आवृत्ती कोणाला दिसणार आहे? ३० बघून झालेल्यांनाच ती आठवण म्हणून दाखवणार असतील, तर आजीचं नुसतं ‘गेला एकदाचा!’ आणि ‘आठशे रुपये सूट’ एवढंही पुरेल. बाकीचं प्रेक्षक स्वतः भरून घेईल. पण पाच दुकानांच्या बजेटमध्ये इतकं काटेकोर नियोजन क्वचित होतं. यूट्यूबवरची ६ सेकंदांची जाहिरात बहुधा अशाच माणसासमोर येईल, ज्याने ३० कधी पाहिलीच नाही. मी तसंच धरून लिहिलं आहे. आणि ३० जर यूट्यूबवर ‘स्किप’च्या बटणासह जाणार असेल, तर ते बटण ५ सेकंदांनी येतं. तुमच्या पहिल्या पाच सेकंदांत आत्ता नुसता कल्लोळ आहे. मिक्सरशेजारी ओट्यावर दुकानाची पिशवी ठेवा आणि कोपऱ्यात ‘बंद मिक्सरही चालेल’ ही अक्षरं सुरुवातीलाच येऊ द्या.

मालक तरीही ‘६ मध्ये मुदत बोलून हवीच’ म्हणाले, तर तेवढ्यात आणखी कोंबू नका, दुसरी ६ करा. चित्र तेच, शेवटच्या चार दिवसांसाठी आवाज वेगळा: ‘मिक्सरची ऑफर लक्ष्मीपूजनापर्यंतच. बंदही आणा.’ सूट आणि अट अक्षरांत तशीच. फक्त आवाजाचं एक जास्तीचं ध्वनिमुद्रण लागेल, आणि ते त्याच बैठकीत उरकतं.

फाईल पाठवायच्या आधी, ऑफिसमध्ये या कामाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना ६ सेकंदांची आवृत्ती एकदाच दाखवा. ‘कशी वाटली’ असं विचारू नका, सगळे छानच म्हणतील. ‘तुम्ही घरून काय घेऊन निघाल आणि किती पैसे देऊन परत याल’ असं विचारा. कोणी ‘आठशे मिळतील’ म्हणालं, तर ‘नव्यावर’ हा शब्द आवाजात बुडतोय, तेवढी ओळ पुन्हा रेकॉर्ड करा. कोणी ‘आठशेला मिक्सर’ म्हणालं, तर पडद्यावरचा ‘सूट’ शब्द आकड्याहून फार लहान झालाय, तो आकड्याच्या मापाचा करा.

आणि ती फाईल पाचही दुकानांच्या काउंटरवर आधी दाखवून घ्या. बंद मिक्सर पिशवीत घालून आलेल्या बाईला तिथल्या मुलाने ‘चालू आहे का हा?’ असं विचारलं, तर ती तशीच परत जाईल.